वीस मिनिटांची भेट
अपरिचित ज्येष्ठांकडे माहिती मागण्याची रीत

आमचे सुपा हे गाव आज नकाशावर आहे, पण जमिनीवर नाही. 1980च्या दशकात काळी नदीवर धरण उभे राहिले आणि जुने सुपा जलाशयाखाली गेले. अनेक कुटुंबे रामनगरला वसली. तालुक्याचे ठाणे जोयडा येथे आले आणि जुन्या कागदपत्रांतील सुपा तालुका आज जोयडा तालुका म्हणून ओळखला जातो. या विस्थापित घरांतील मुले आता डॉक्टर होऊ लागली आहेत. ही समाधानाची गोष्ट असली तरी तिच्यासोबत एक अडचण येते, तिच्याविषयी हा लेख आहे.

बेळगाव, पुणे अथवा मुंबईतील वैद्यकीय घराण्यातल्या मुलाला पदव्युत्तर शाखा निवडताना प्रश्न पडला, तर काका शल्यविशारद असतात, आत्या भूलतज्ज्ञ असते. रात्रीच्या जेवणात सहज विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळून जाते. रामनगर, कुंभारवाडा अथवा कॅसलरॉक येथून आलेल्या मुलाच्या घरात तो पहिलाच डॉक्टर असतो. त्याने विचारायचे कोणाला? ज्यांना विचारावे असे ज्येष्ठ त्याला ओळखत नाहीत आणि अनोळखी मोठ्या माणसाला काही विचारणे हा आगाऊपणा आहे, असे त्याला घरीच शिकविलेले असते. म्हणून तो विचारतच नाही, किंवा अशा रीतीने विचारतो की उत्तर येत नाही.

वस्तुतः अपरिचित ज्येष्ठाकडे थोडा वेळ मागणे ही एक रीत आहे आणि ती शिकता येते. येथे मागावयाची गोष्ट म्हणजे केवळ माहिती, तीही त्या व्यक्तीच्या अनुभवातूनच मिळणारी. नोकरी, शिफारस अथवा रुग्णाविषयीचा सल्ला यांचा यात अंतर्भाव नाही. ही सीमा पाळली गेली की पुष्कळसे ज्येष्ठ आनंदाने बोलतात.

याचे एक जुने आणि बोलके उदाहरण मुंबईत घडले. 1908च्या सुमाराची गोष्ट. खेतवाडीत मामांच्या घरी वाढणाऱ्या एका पोरक्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. नेहमीच्या चिमणीला तो नसतो, म्हणून मुलाने मामांना विचारले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी शिकारीचे शौकीन होते, तरी त्यांनाही हा पक्षी कोणता ते सांगता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्या नावे एक चिठ्ठी दिली आणि मुलाला एकट्यालाच पाठविले. मिलर्ड हे अपोलो स्ट्रीटवरील एका मद्यविक्रेत्या पेढीचे भागीदार होते आणि सोसायटीचे कामही तेथूनच चाले. एका गोऱ्या साहेबासमोर उभे राहावयाचे या कल्पनेने मुलाला धास्ती वाटत होती, असे त्याने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. मिलर्ड यांनी पक्षी पाहिला, तो पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले, कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखविले आणि वाचावयास पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली.

या प्रसंगाचा उल्लेख बहुधा नियतीचा खेळ म्हणून केला जातो. मला मात्र त्यात एका नेटक्या विनंतीचे तीन घटक दिसतात. पहिला, मुलाच्या हातात एक प्रत्यक्ष वस्तू होती. ‘मला पक्ष्यांविषयी मार्गदर्शन करा’ असे तो म्हणत नव्हता, तर ‘हा पक्षी कोणता’ एवढेच विचारीत होता. दुसरा, ते उत्तर देण्यास मिलर्ड हीच योग्य व्यक्ती होती, कारण तुलनेसाठी लागणारा संग्रह त्यांच्याच ताब्यात होता. तिसरा, प्रश्नाचे उत्तर काही मिनिटांत देता येण्याजोगे होते. पुढचे सारे मिलर्ड यांनी आपण होऊन दिले, ते मागितलेले नव्हते. लहान प्रश्नाचे उत्तर देताना ज्येष्ठ माणूस स्वतःच मोठे दार उघडतो. ते दार आधीच ठोठावले, तर बहुधा ते बंदच राहते.

आता आपल्या क्षेत्रातील अलीकडचे एक उदाहरण तपशिलाने पाहू. आमच्या तालुक्यातील एक तरुण डॉक्टर एमबीबीएसनंतर याच भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करीत होत्या. बालरोगशास्त्रात एमडी करावे ही त्यांची इच्छा होती. तथापि एमडीची तीन वर्षे झाल्यावर नवजातशिशुशास्त्रात डीएमची आणखी तीन वर्षे घालावीत की नाही, हा त्यांचा खरा प्रश्न होता, कारण परत येऊन याच डोंगरी भागात काम करावयाचे होते. मी सामान्य बालरोगतज्ज्ञ. या प्रश्नाचे उत्तर माझ्यापेक्षा मोठा नवजात शिशू विभाग चालविणारा माणूसच नीट देऊ शकेल, असे मी त्यांना सांगितले. बेळगावातील एका ज्येष्ठ तज्ज्ञांचे नाव त्यांच्या मनात होते, परंतु ओळख नव्हती. माझीही नव्हती.

त्यांनी लिहिलेला पहिला मसुदा मला दाखविला. त्यात सरांच्या कीर्तीचा उल्लेख चार ओळींत होता, स्वतःची शैक्षणिक वाटचाल एक पानभर होती, सोबत प्रमाणपत्रे जोडली होती आणि शेवटी ‘मला आपले बहुमोल मार्गदर्शन लाभावे’ अशी विनंती होती. पत्र नम्र होते, शुद्ध होते, आणि तरी निष्फळ ठरणारे होते. वाचणाऱ्याला नेमके काय करावयाचे आहे हे त्यातून कळत नव्हते. मार्गदर्शन म्हणजे एक फोन की वर्षभराचे पालकत्व? प्रमाणपत्रे कशासाठी, नोकरीसाठी तर नव्हे? अशी शंका आली की व्यग्र माणूस पत्र बाजूला ठेवतो. तो नकार देत नाही, ‘नंतर पाहू’ म्हणतो, आणि ते नंतर येत नाही.

आम्ही बसून दुसरा मसुदा केला. तो असा होता :

‘आदरणीय डॉक्टरसाहेब, सादर नमस्कार. मी जोयडा तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. गेल्या वर्षी बेळगावच्या परिषदेत कमी वजनाच्या बाळांना मोठ्या रुग्णालयात पाठविण्याविषयीचे आपले व्याख्यान मी ऐकले. बाळ थंड पडते ते प्रवासामुळे कमी आणि निघण्यापूर्वीच्या तयारीअभावी अधिक, हे आपले म्हणणे मी आमच्या केंद्रात पडताळून पाहिले आणि ते खरे ठरले. एमडी करून याच भागात परत येण्याचा माझा विचार आहे. व्हेंटिलेटर नसलेल्या लहान रुग्णालयात डीएमच्या प्रशिक्षणाचा किती उपयोग होतो, हे आपणाकडून जाणून घ्यावयाचे आहे. येत्या तीन आठवड्यांत आपल्या सोयीने वीस मिनिटे दूरध्वनीवर बोलता येईल का? नोकरी अथवा शिफारस यांसाठी ही विनंती नाही. आपणांस सवड नसल्यास तसे कळविले तरी मी आभारी राहीन.’

खाली नाव, हुद्दा आणि दूरध्वनी क्रमांक. प्रमाणपत्रे नाहीत.

या पत्रातील प्रत्येक वाक्याला काम आहे. पहिले वाक्य लिहिणाऱ्याची ओळख देते. दुसरे आणि तिसरे ‘मलाच का लिहिले?’ या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. येथे स्तुती टाळलेली आहे. व्याख्यान ऐकून त्यातील एक गोष्ट करून पाहिली, हे सांगणे कोणत्याही विशेषणापेक्षा प्रभावी ठरते, कारण ते खोटे सांगता येत नाही. संभाषणात त्यावर एखादा उपप्रश्न येणारच. म्हणून जे खरोखर वाचले, ऐकले अथवा केले असेल तेवढेच लिहावे. त्यानंतर एकच प्रश्न येतो, मग वेळेची मर्यादा, आणि शेवटी नकार देण्याची मोकळीक. ही मोकळीक विनंतीला दुबळी करते असे अनेकांना वाटते. मला उलटे दिसते. नाही म्हणणे सोपे असले की होय म्हणणेही सोपे होते.

मायन्यासंबंधी दोन शब्द. आपल्या पत्रव्यवहारात वडीलधाऱ्यांना ‘सादर नमस्कार’ आणि बरोबरीच्यांना ‘सस्नेह नमस्कार’ असा भेद आहे, तो पाळावा. ज्येष्ठ मराठी असतील तर मराठीत लिहावे, कन्नडभाषक असतील आणि आपले कन्नड चांगले असेल तर कन्नडमध्ये, अन्यथा इंग्रजीत. भाषा कोणतीही असो, पत्र भ्रमणध्वनीच्या एका पडद्यावर मावावे. संदेश व्हॉट्सॲपवर पाठवावयाचा असल्यास आधी क्रमांक कोणाकडून मिळाला ते लिहावे. न विचारता फोन लावू नये आणि ध्वनिमुद्रित निरोप तर मुळीच पाठवू नये. रुग्णालयाच्या कार्यालयाचा ईमेल मिळत असेल तर तो अधिक सभ्य मार्ग होय, कारण स्वीय सहायकच बहुधा वेळ ठरवितात. त्यांच्याशी बोलतानाचा आपला सूर साहेबांपर्यंत पोहोचतो, हे विसरू नये.

मिलर्ड यांच्याकडे जाताना सलीम अलींच्या हाती मामांची चिठ्ठी होती. आजही परिचयाची एक ओळ मोलाची ठरते. मात्र परिचय देणाऱ्याने केवळ ‘हे अमुक, यांचा प्रश्न खरा आहे’ एवढेच म्हणावे. ‘यांच्याकडे जरा लक्ष द्या’ असे म्हटले की ती शिफारस होते आणि ज्येष्ठावर भार पडतो. आमच्या उदाहरणात अशी ओळ देणारे कोणी नव्हते, म्हणून पत्र तसेच गेले.

नऊ दिवस उत्तर आले नाही. येथे पुष्कळ तरुण खचतात आणि मौनाला नकार समजतात. बाह्यरुग्ण विभाग, रात्रीचे बोलावणे, परिषदा यांमध्ये पत्र मागे पडणे अगदी स्वाभाविक आहे. एक स्मरणपत्र पाठवावे, तेही आठवडा-दहा दिवसांनी आणि दोन ओळींचे. त्यानंतरही उत्तर न आल्यास थांबावे, तिसरे पत्र पाठवू नये. दुसऱ्या कोणाला लिहावे. आमच्या डॉक्टरांनी दहाव्या दिवशी स्मरण दिले आणि दुसऱ्याच दिवशी कार्यालयातून निरोप आला : गुरुवारी दुपारी अडीच वाजता फोन करावा.

वेळ मिळाल्यावर तयारीचा भाग येतो. जे छापील स्वरूपात अथवा संकेतस्थळावर मिळते ते ज्येष्ठांना विचारू नये. प्रवेशपरीक्षेचे नियम, जागांची संख्या, शुल्क, विद्यावेतन यांची उत्तरे त्यांच्याकडे बहुधा जुनी असतात. त्यांनी स्वतः प्रवेश घेतला त्याला पंचवीस-तीस वर्षे झालेली असतात. ही माहिती अधिकृत सूचनापत्रांतून आणि सध्या शिकत असलेल्या निवासी डॉक्टरांकडून घ्यावी. ज्येष्ठांकडे असते ती वेगळी गोष्ट : कोणत्या प्रशिक्षणाचा पुढे उपयोग झाला, कोणते वाया गेले, कामाचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो, आपल्यासारखी माणसे कोठे अडली. वीस मिनिटांत असे तीन प्रश्न होतात. आमच्या डॉक्टरांनी तीन लिहून काढले आणि सर्वांत महत्त्वाचा आधी ठेवला, कारण ज्येष्ठांना मध्येच बोलावणे येऊ शकते.

एक व्यावहारिक गोष्टही केली. आमच्या भागात जंगलातल्या अनेक वाड्यांत भ्रमणध्वनीला सिग्नल मिळत नाही. त्यामुळे त्या दुपारी त्यांनी रजा काढली, रामनगरला नातेवाइकांकडे जाऊन बसल्या आणि अर्धा तास आधी एक फोन करून आवाज नीट येतो याची खात्री केली. प्रत्यक्ष भेट असेल तर वेगळी पथ्ये आहेत. रुग्णांच्या रांगेत क्रमांक लावून बसू नये, आल्याची वर्दी कार्यालयात द्यावी. आपल्याकडे मोठ्या माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये असे मानतात. तरी पहिल्या भेटीला काजू वा मधाची बाटली नेऊ नये. घेणाराही अवघडतो आणि मागणे माहितीपुरते राहत नाही.

संभाषण अठरा मिनिटे चालले. त्याचा सारांश त्यांनी मला नंतर दाखविला, तो त्यांच्या संमतीने देतो. सरांनी आधी उलट विचारले : तुमच्याकडे बाळे कशाने दगावतात? जन्मताच श्वास न घेणे, कमी वजन आणि थंड पडणे, जंतुसंसर्ग, असे उत्तर आले. मग ते म्हणाले की यांतील बहुतेक गोष्टींना डीएम लागत नाही. जन्मतःचे पुनरुज्जीवन, ऊब, आईचे दूध, आईच्या त्वचेशी बाळ ठेवणे, वेळेवर प्रतिजैविके आणि कोणते बाळ केव्हा पुढे पाठवावे याचा निर्णय, हे सारे उत्तम एमडी आणि प्रशिक्षित परिचारिका करू शकतात. डीएमचे कौशल्य व्हेंटिलेटर, रक्तवायूंची तपासणी आणि चोवीस तास राहणाऱ्या परिचारिका यांच्या आधाराने चालते. ते सारे जेथे नाही तेथे डीएम झालेला हात बांधलेलाच राहतो आणि बहुधा दोन-तीन वर्षांत शहराकडे वळतो. मात्र जिल्हा पातळीवर नवा विभाग उभा करावयाचा असेल, तर तेच प्रशिक्षण अपरिहार्य ठरते. म्हणून आधी ‘मला कोठे राहावयाचे आहे’ हे ठरवावे, पदवी त्यानंतर.

दुसऱ्या प्रश्नावर त्यांनी सुचविले की ज्या महाविद्यालयात बालरोग विभागाला जोडलेला विशेष नवजात शिशू कक्ष भरलेला असतो आणि निवासी डॉक्टरांना तेथे पुरेसे महिने मिळतात, ते निवडावे. नावाजलेपणा दुय्यम. शिवाय निर्णयापूर्वी एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या अशा कक्षात परवानगी काढून आठवडाभर, रात्रपाळीसह, उभे राहून पाहावे.

सोळाव्या मिनिटाला डॉक्टर म्हणाल्या, ‘सर, वेळ होत आली. शेवटचे एकच विचारते. या विषयावर मी आणखी कोणाशी बोलावे?’ हा प्रश्न विसरू नये. सरांनी एक नाव दिले : डीएम होऊन लहान गावी गेलेली आणि पुढे परत शहरात आलेली व्यक्ती. ‘आपले नाव सांगून लिहू का?’ असे विचारून त्यांनी परवानगी घेतली. परवानगीवाचून कोणाचेही नाव पुढे वापरू नये.

अशा संभाषणात दोन ठिकाणी वाट चुकते. पहिले म्हणजे रुग्णाचा विषय. बोलता बोलता ‘आमच्याकडे आत्ता एक बाळ आहे’ असे सुरू झाले की ती वैद्यकीय सल्लामसलत होते. तिला नोंदी, जबाबदारी आणि गोपनीयता यांचे वेगळे नियम आहेत. तशी निकड असेल तर ते स्वतंत्रपणे, त्याच नावाने मागावे. दुसरे म्हणजे लपलेले मागणे. ‘आपल्याकडे जागा आहे का?’ हा प्रश्न शेवटच्या मिनिटाला आला की आधीची एकोणीस मिनिटे खोटी वाटू लागतात. नोकरी हवी असेल तर सरळ अर्ज करावा, त्यात कमीपणा नाही.

आणि एक मर्यादा. एका ज्येष्ठाचे म्हणणे ही एका आयुष्याची साक्ष होय. जो यशस्वी झाला तोच आपल्यासमोर असतो, ती वाट सोडून गेलेले आपणांस भेटत नाहीत. म्हणून निदान तिघांशी बोलावे : एक ज्येष्ठ, एक पाच वर्षांपूर्वी प्रशिक्षण संपविलेला आणि एक ती वाट सोडलेला. तिघांच्या बोलण्यात जे समान निघेल त्यावर विसंबावे. जेथे मतभेद असेल तेथे ‘आपण कोणत्या प्रकारच्या गावात काम केले?’ हे विचारावे. आमच्या डॉक्टरांना मिळालेल्या दुसऱ्या व्यक्तीने सांगितलेले कारण यंत्रांच्या अभावाचे नव्हते, तर रजेवर गेल्यास बदली डॉक्टर न मिळण्याचे होते. ही गोष्ट सरांच्या ध्यानात येण्याचे कारणच नव्हते, कारण त्यांच्या विभागात बदलीला माणसे होती.

संभाषणानंतर त्याच दिवशी चार ओळींचे आभारपत्र गेले. त्यात कोणती एक सूचना उपयोगी पडली ते लिहिले होते. तीन महिन्यांनी, नवजात शिशू कक्षातला आठवडा पुरा झाल्यावर, दुसरे पत्र गेले : काय पाहिले आणि काय ठरविले. हे दुसरे पत्र फार थोडे लोक लिहितात. ज्येष्ठाला आपल्या वीस मिनिटांचे काय झाले हे बहुधा कधीच कळत नाही, आणि पुढच्या अपरिचिताला होय म्हणण्याची त्याची उमेद त्यानेच ओसरते.

या स्मरणिकेच्या वाचकांत पत्र लिहिणारे थोडे आणि पत्र येणारे अधिक असतील. अशांना एवढीच विनंती की पत्रात एक नेमका प्रश्न आणि वेळेची मर्यादा दिसली, तर वीस मिनिटे द्यावीत. सवड नसेल तर एका ओळीत तसे कळवून शक्य असल्यास दुसरे नाव सुचवावे. ‘या कधीतरी’ असे मात्र म्हणू नये. डोंगरातून आलेले मूल ते शब्द खरे मानते आणि त्या ‘कधीतरी’ची वाट पाहत राहते.

आमच्या त्या डॉक्टरांनी शेवटी एमडी बालरोग हीच शाखा धरली आणि डीएमचा विचार तूर्त बाजूला ठेवला. हा निर्णय योग्य की अयोग्य ते काळ ठरवील. पण तो ऐकीव गोष्टींवर घेतलेला नाही. तीन संभाषणे आणि कक्षात जागून काढलेला एक आठवडा त्यामागे आहे.